चार पुरुषार्थांचा क्रम नेमका कसा लागतो?

धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ आपल्याकडे एका दमात म्हटले जातात आणि ते म्हणण्याच्या ओघातच त्यांचा क्रम ठरलेला आहे असे आपण गृहीत धरतो. सर्वांत खाली काम, त्याच्या वर अर्थ, मग धर्म आणि अगदी टोकाला मोक्ष, अशी एक चढण बहुतेकांच्या मनात असते. मूळ ग्रंथ उघडून पाहिले की ही चढण तितकीशी सरळ दिसत नाही. कौटिल्य अर्थाला प्रधान म्हणतो, मनुस्मृती तिघांचा एकत्र विचार करायला सांगते, आणि महाभारतात तर भीम कामालाच पहिला मान देतो. हे लोक एकमेकांना खोडून काढत आहेत असे वरवर वाटते. पण मला असे दिसते की ते तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत आणि ते प्रश्न वेगळे केले की गोंधळ बराच निवळतो.

आधी या चार शब्दांचा आवाका थोडक्यात पाहू. अर्थ म्हणजे केवळ पैसा नव्हे. जमीन, गुरेढोरे, धान्य, विद्या, मित्र, राज्य, म्हणजे जगण्यासाठी आणि काही करून दाखवण्यासाठी लागणारी सर्व साधने त्यात येतात. काम म्हणजे इंद्रियांना आणि मनाला मिळणारे सुख व त्याची ओढ. शृंगार हा त्याचा एक मोठा भाग असला तरी गाणे, सुगंध आणि सहवासाचा आनंदही त्यातच मोडतो. धर्म म्हणजे ज्याने माणसाचे आणि समाजाचे वर्तन धरून ठेवले जाते ती कर्तव्यांची आणि मर्यादांची व्यवस्था. या तिघांना मिळून त्रिवर्ग म्हणतात. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या आणि सुखदुःखाच्या फेऱ्यातून सुटका. जुन्या ग्रंथांत चर्चा बहुधा त्रिवर्गाचीच असते आणि मोक्ष तिच्यात शेवटी व काहीसा वेगळा येतो, हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

क्रमाच्या प्रश्नावर सर्वांत जिवंत चर्चा महाभारताच्या शांतिपर्वात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हा भाग १६१व्या अध्यायात येतो आणि परंपरेत त्याला षड्गीता म्हणतात, कारण त्यात सहा जण बोलतात. युद्ध संपले आहे, भीष्म शरशय्येवर आहेत, आणि युधिष्ठिर त्यांच्याकडून आपत्काळातील धर्म ऐकत आहे. भीष्म बोलायचे थांबतात, तेव्हा तो मुक्कामी परततो आणि चार भाऊ व विदुर यांना विचारतो: लोकांचे सारे व्यवहार धर्म, अर्थ आणि काम या तिघांवर उभे आहेत, त्यांतला श्रेष्ठ कोणता, मधला कोणता आणि हलका कोणता? प्रश्न तिघांबद्दलच आहे. मोक्षाचे नावही त्यात नाही.

विदुराचे उत्तर अपेक्षेप्रमाणे येते. धर्म श्रेष्ठ, अर्थ मधला, काम सर्वांत कनिष्ठ. तप, त्याग, श्रद्धा, क्षमा, दया, सत्य आणि संयम ही माणसाची खरी संपत्ती, ऋषी तरले ते धर्माने, आणि अर्थही धर्मातच सामावलेला आहे, असे तो सांगतो. आपल्या मनात बसलेला क्रम हाच आहे, आणि तो मांडायला विदुराइतका योग्य माणूस दुसरा कोणी नाही.

अर्जुन मात्र दुसऱ्याच बाजूने सुरुवात करतो. तो म्हणतो की ही कर्मभूमी आहे; येथे शेती, व्यापार, गोपालन आणि नाना प्रकारची शिल्पे यांनाच मोल आहे, आणि अर्थावाचून धर्म आणि काम दोन्ही चालत नाहीत. यज्ञ करायचा तर धान्य, तूप आणि दक्षिणा लागते. दान द्यायचे तर आधी जवळ काही असावे लागते. पुढे तो आणखी बोचरे निरीक्षण मांडतो. जटा वाढवलेले, मृगाजिन पांघरलेले, मुंडण केलेले विरक्तसुद्धा आपापल्या परीने अर्थाचीच अपेक्षा धरून राहतात, असे त्याचे म्हणणे आहे. ज्याने सगळे सोडले, त्याच्याही भिक्षापात्रात कोणीतरी पिकवलेले धान्य पडावे लागते, असा त्याचा रोख आपण समजू शकतो.

नकुल आणि सहदेव एकत्र बोलतात. बसता, उठता, चालता, झोपता माणसाने अर्थ मिळवण्याचा उद्योग दृढपणे चालवावा, हे त्यांना मान्य आहे. पण निर्धनाला कामसुख नाही आणि अधर्म्याला अर्थ टिकत नाही, हेही ते सांगतात. म्हणून त्यांचा क्रम आचरणाचा आहे: आधी धर्म आचरावा, मग धर्माला धरून अर्थ मिळवावा आणि त्यानंतर कामाचा उपभोग घ्यावा, कारण अर्थ साधलेल्या माणसाचे ते फळ आहे. येथे कोणाला मोठे किंवा लहान ठरवण्यापेक्षा आधी काय आणि नंतर काय, याचा विचार आहे, आणि तो मला फार व्यवहारी वाटतो.

भीमाचे उत्तर या सर्वांत जास्त विचार करायला लावते. ज्याला इच्छाच नाही तो अर्थाची इच्छा करत नाही, धर्माचीही करत नाही आणि भोगाचीही नाही. म्हणून काम श्रेष्ठ, असे तो सरळ सांगतो. पाने आणि फळे खाऊन किंवा नुसत्या वाऱ्यावर राहून तप करणाऱ्या ऋषींनाही कशाची तरी इच्छा असतेच, म्हणून तर ते तपाला बसतात. व्यापारी, शेतकरी, गवळी आणि कारागीर आपापली कामे इच्छेनेच करतात; कोणी समुद्रात शिरतो तोही इच्छेनेच. दह्याचे सार लोणी, तसे धर्म आणि अर्थ यांचे सार काम, असा दाखला तो देतो. ज्याच्या तोंडी भूक आणि राग यांचीच भाषा आपण जास्त ऐकली, त्या भीमाने प्रेरणेच्या मुळाशी जाऊन बोलावे, यात व्यासांची दृष्टी दिसते. मात्र भीम तेथेच थांबत नाही. शेवटी तो म्हणतो की तिघांचेही सारखेच सेवन करावे. जो एकालाच धरून बसतो तो माणूस हीन, दोघांत कुशल असलेला मध्यम, आणि जो तिन्हींत रमतो तो उत्तम.

आता या उत्तरांकडे पुन्हा पाहिले तर त्यांतले वेगवेगळे प्रश्न डोळ्यांसमोर येतात. अर्जुन विचारतो आहे की बाकीचे कशाच्या आधाराने उभे राहतात. त्याचे उत्तर अर्थ. भीम विचारतो आहे की माणूस हलतो कशामुळे आणि अखेर त्याच्या पदरात काय पडते. त्याचे उत्तर काम. विदुर विचारतो आहे की कोणाच्या शब्दाला बाकीच्यांनी मान द्यावा. त्याचे उत्तर धर्म. आधार, प्रेरणा आणि अधिकार या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एकाच वस्तूला तिन्ही ठिकाणी पहिला नंबर मिळेलच असे नाही, आणि मिळाला पाहिजे असा आग्रह धरला की हे सगळे विचारवंत एकमेकांचे वैरी वाटू लागतात.

कौटिल्याचे वाक्यही याच रीतीने वाचावे लागते. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात राजाने इंद्रियांवर ताबा कसा ठेवावा हे सांगताना तो म्हणतो की धर्म आणि अर्थ यांना बाध न आणता कामाचे सेवन करावे, सुखाला पारखे राहू नये. किंवा एकमेकांत गुंतलेल्या तिन्हींचे सारखेच सेवन करावे, कारण त्यांतला कोणताही एक अती सेवन केला की तो स्वतःलाही पीडा देतो आणि इतर दोघांनाही. त्याच्या पुढचे वाक्य सर्वांना माहीत असलेले: अर्थच प्रधान, कारण धर्म आणि काम यांचे मूळ अर्थ आहे. नुसते शेवटचे वाक्य उचलून कौटिल्याला पैशाचा पुजारी ठरवणारे लोक त्याच्या आधीचे, अतिरेकाबद्दलचे वाक्य वगळतात. अर्थाचा अतिरेक अर्थालाच बुडवतो, हे त्याच परिच्छेदात लिहिलेले आहे. मूळ म्हणजे आधार, या अर्थाने तो अर्थाला पहिले ठेवतो, आणि रिकाम्या खजिन्याच्या राजाकडून ना यज्ञ होतात ना न्याय, ही त्याची रोजची चिंता असणार.

वात्स्यायन हाच भेद आणखी नेमका करतो. कामसूत्राची सुरुवातच धर्म, अर्थ आणि काम या तिघांना वंदन करून होते. शंभर वर्षांचे आयुष्य धरून माणसाने काळाची वाटणी करावी आणि तिघांनी एकमेकांत गुंतून राहावे पण एकमेकांचा घात करू नये, अशा बेताने त्यांचे सेवन करावे, असे तो सांगतो. बालपणी विद्या मिळवणे वगैरे अर्थ, तारुण्यात काम, म्हातारपणी धर्म आणि मोक्ष. लगेच पुढे तो जोडतो की आयुष्याचा भरवसा नसल्याने जसे जमेल तसे केले तरी चालेल. आयुष्याचे असे चौकोनी वेळापत्रक कोणाच्याही वाट्याला येत नाही, याची त्याला पूर्ण जाणीव होती. मग तो नियम देतो: तिघे एकाच वेळी समोर आले तर आधीचा आधीचा अधिक वजनदार, म्हणजे कामापेक्षा अर्थ आणि अर्थापेक्षा धर्म. पण राजाच्या बाबतीत अर्थ पहिला, कारण लोकांचा सारा संसार त्यावर चालतो. आणि गणिकेच्या बाबतीतही अर्थ पहिला. कामावरच्या ग्रंथाचा कर्ता कामाला तिसऱ्या जागी ठेवतो आणि त्याच श्वासात सांगतो की हा क्रम माणूस कोण आहे यावर बदलतो.

'एकाच वेळी समोर आले तर' ही अट फार महत्त्वाची आहे. क्रम लागतो तो संघर्षाच्या क्षणी. एरवी तिघे मिळून चालायचे असतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हे मतभेद एका श्लोकात गोळा केले आहेत: कोणी धर्म आणि अर्थ यांना श्रेय म्हणतात, कोणी काम आणि अर्थ यांना, कोणी एकट्या धर्माला, कोणी एकट्या अर्थाला, पण सिद्धान्त असा की त्रिवर्ग हेच श्रेय. संघर्ष आला की मग काय करायचे, याचे एक चांगले उदाहरण कायद्याच्या व्यवहारातून मिळते.

याज्ञवल्क्यस्मृतीत एक नियम आहे की अर्थशास्त्रापेक्षा धर्मशास्त्र बलवान. त्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरेत केलेले भाष्य वाचण्याजोगे आहे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. या राजाची कारकीर्द १०७६ ते ११२६ अशी आहे. येथे अर्थशास्त्र म्हणजे बाहेरचा कोणता वेगळा ग्रंथ नव्हे, तर धर्मशास्त्रातच आलेला राजनीतीचा भाग, असे तो आधी स्पष्ट करतो. कारण विरोध खरोखर घरातल्या घरात आहे. त्याच स्मृतीत राजाला एके ठिकाणी सांगितले आहे की सोने आणि जमीन मिळवण्यापेक्षा मित्र मिळवणे श्रेष्ठ, म्हणून त्यासाठी झटावे; आणि दुसऱ्या ठिकाणी सांगितले आहे की राजाने राग आणि लोभ टाकून, धर्मशास्त्राला अनुसरून खटले पाहावेत. दोन्ही आज्ञा एरवी सुखाने नांदतात.

आता असे समजा की राजासमोर शेताच्या मालकीचा वाद आला आहे. एका बाजूला शेजारच्या मुलखातला बलिष्ठ सरदार आहे, ज्याच्या मैत्रीची राजाला गरज आहे. दुसऱ्या बाजूला ज्याच्यापासून काहीच मिळण्यासारखे नाही असा साधा माणूस. वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय या चार पायऱ्यांतून खटला गेला आणि पुरावा साध्या माणसाच्या बाजूने निघाला. सरदाराच्या बाजूने निकाल दिला तर मित्र मिळतो पण धर्मशास्त्र सुटते. दुसऱ्याच्या बाजूने दिला तर धर्मशास्त्र पाळले जाते पण मित्र गमावला जातो. पात्रे मी घातली आहेत, पण पेच विज्ञानेश्वराने मांडलेलाच आहे, आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: येथे धर्मशास्त्राचेच चालेल. मैत्री मिळवणे हे चांगले काम आहे, हे तो नाकारत नाही. ते चांगले काम न्यायासनावर बसून करायचे नाही, एवढेच तो सांगतो. अर्थाची जागा कमी झालेली नाही, त्याची हद्द आखली गेली आहे.

हाच न्याय कामालाही लागू होतो. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात की प्राणिमात्रांत धर्माला विरोध न करणारा काम मी आहे. काम मुळातच वाईट असता तर हे वाक्य उच्चारलेच गेले नसते. त्याची हद्द सुटली तर काय होते, याचे चित्र रामायणात आहे. वनवासातील एका रात्री, गंगा ओलांडल्यावर, सुमंत्र परत गेलेला असताना, राम लक्ष्मणाशी मोकळेपणाने बोलतो. राजाची बुद्धी फिरलेली पाहून मला वाटते की अर्थ आणि धर्म यांच्यापेक्षा कामच बलवान आहे, असे तो म्हणतो, आणि पुढे सांगतो की अर्थ आणि धर्म सोडून जो कामाच्या मागे जातो त्याची दशरथासारखी अवस्था लवकरच होते. श्रेष्ठ कोण असावा आणि प्रत्यक्षात जोर कोणाचा चालतो, या दोन गोष्टी येथे एकमेकींसमोर उभ्या केल्या आहेत. धर्माला अधिकार दिला जातो तो काम दुबळा आहे म्हणून नव्हे. तो सर्वांत जोरकस आहे, म्हणूनच त्याच्यावर कोणाचा तरी अधिकार असावा लागतो.

येथपर्यंत वाचून असे वाटेल की धर्माला मात्र कोणी जाब विचारत नाही. तसे नाही, आणि या सगळ्या विचारातला मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा भाग हाच आहे. सभापर्वात नारद युधिष्ठिराला राज्यकारभाराबद्दल प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, त्यांत एक असा आहे: तू अर्थाने धर्माला, किंवा धर्माने अर्थाला, किंवा सुखाच्या लोभाने दोघांनाही बाध तर आणत नाहीस ना? अर्थामुळे धर्म बुडतो हे सगळेच सांगतात. धर्मामुळे अर्थ बुडणे हाही राजाचा दोष धरला आहे. जो राजा दिवसभर अनुष्ठानांत बसून राहतो आणि ज्याचे कालवे व किल्ले ढासळतात, तो नारदाच्या या कसोटीला उतरणार नाही.

मनुस्मृतीही दोन पावले पुढे जाते. चौथ्या अध्यायात ती सांगते की धर्माला सोडून असलेले अर्थ आणि काम टाकावेत. आणि त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात म्हणते की ज्याचा परिणाम दुःखात होतो आणि ज्याची लोक निंदा करतात तो धर्मही टाकावा. पोरेबाळे पोसायची असताना सर्वस्व दान करणे, हे टीकाकार कुल्लूकाने याचे उदाहरण दिले आहे. अकराव्या अध्यायात तर असे म्हटले आहे की ऐपत असून ज्याची घरची माणसे हालात जगतात आणि जो परक्यांना देत सुटतो, त्याचे दान आरंभी मधासारखे लागते पण त्याची चव विषाची असते. ती धर्माची नक्कल आहे. नकली धर्म ओळखण्याची खूण येथे स्पष्ट सांगितली आहे. ज्या धर्मकृत्याचा सगळा खर्च दुसऱ्याच कोणावर, बहुधा घरातल्या बोलू न शकणाऱ्या माणसांवर पडतो, त्याच्याकडे संशयाने पाहावे.

आता मोक्षाकडे वळू आणि पुन्हा युधिष्ठिराच्या बैठकीत जाऊ. सगळ्यांचे ऐकून घेतल्यावर तो म्हणतो की तुम्ही सर्व धर्मशास्त्र जाणणारे आहात, पण माझे मत ऐका. जो पापातही गुंतलेला नाही आणि पुण्यातही नाही, अर्थात नाही, धर्मात नाही आणि कामातही नाही, ज्याला मातीचे ढेकूळ आणि सोने सारखेच, तो सुखदुःखातून सुटतो. त्याने तिघांपैकी कोणालाही पहिला नंबर दिला नाही. ज्या यादीत क्रम लावायचा ती यादीच त्याने बाजूला ठेवली. म्हणून मोक्षाला चौथी पायरी म्हणताना जपावे असे मला वाटते. धर्म, अर्थ आणि काम हे तिघे एकाच जगातले आहेत. ते एकमेकांना मदत करतात, एकमेकांशी भांडतात आणि त्यांच्यात तडजोड करता येते. थोडा अर्थ सोडून थोडा धर्म मिळवता येतो. थोडा मोक्ष कशाच्या बदल्यात मिळत नाही. तो ज्या माणसाला हवा, त्याला बाकीच्या तिघांचा हिशेबच संपवायचा असतो. आणि त्याच भाषणात युधिष्ठिर हेही कबूल करतो की लोक मोक्षाची स्तुती करतात, पण तो आम्हाला कळलेला नाही. एवढे बोलून तो धर्माबद्दलच आणखी विचारायला पुन्हा भीष्मांकडे जातो.

म्हणून मोक्षाच्या बाबतीत शास्त्रकारांना पडलेला खरा प्रश्न श्रेष्ठत्वाचा नव्हता, वेळेचा होता. माणसाने संसार केव्हा सोडावा? मनुस्मृतीचे उत्तर सहाव्या अध्यायात आहे: तीन ऋणे फेडल्यावर मन मोक्षात घालावे, ती न फेडता मोक्षाच्या मागे लागणारा खाली जातो. अध्ययनाने ऋषींचे, संततीने पितरांचे आणि यज्ञाने देवांचे ऋण फिटते. याउलट जाबालोपनिषद म्हणते की ज्या दिवशी विरक्ती येईल त्याच दिवशी निघून जावे. पहिल्या मतात धर्म हा मोक्षाच्या दाराशी उभा राहून आधीची देणी तपासतो. दुसऱ्यात वैराग्य खरे असेल तर दाराशी कोणीच नसतो. आदि शंकराचार्यांनी दुसऱ्या मताची बाजू घेतली, कारण त्यांच्या मते मोक्ष ज्ञानाने होतो आणि कर्म कितीही केले तरी त्यातून तो निपजत नाही.

कौटिल्य या वादात तत्त्वज्ञान न आणता उतरतो. बायकोमुलांची सोय न लावता जो संन्यास घेईल त्याला पूर्व साहसदंड, म्हणजे साहसदंडांतला सर्वांत हलका दंड करावा, असा नियम तो देतो. पण या त्या काळच्या नाण्यात हा दंड ४८ ते ९६ इतका आहे. पुढे तो म्हणतो की ज्याची कामशक्ती ओसरली आहे त्याने न्यायाधीशांना विचारून संन्यास घ्यावा. मोक्ष ही माणसाची खाजगी बाब मानली, तरी तो ज्यांना मागे सोडून जातो त्यांचे पोट ही राज्याची बाब आहे, अशी ही भूमिका. येथे कौटिल्य मोक्षाच्या श्रेष्ठत्वावर अवाक्षरही बोलत नाही. तो फक्त त्याची किंमत दुसऱ्याने भरू नये, हे पाहतो.

या सर्व विवेचनाची एक मोठी मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. हे ग्रंथ ज्याच्याशी बोलतात तो बहुतेक वेळा वरच्या वर्णांतला, घर चालवणारा पुरुष आहे. तीन ऋणे त्याची, आयुष्याची वाटणी त्याची. स्त्रिया आणि शूद्र यांच्यासाठी धर्म म्हणजे मुख्यतः दुसऱ्याची सेवा असे ठरवून टाकलेले दिसते, आणि वेदाध्ययनाचे दार बंद असल्याने वेदमार्गाने मोक्षाकडे जाण्याची वाटही त्यांना बंद राहिली. चारही पुरुषार्थ माणसाचे म्हणायचे आणि त्यांतला शेवटचा निम्म्याहून अधिक माणसांना त्याच वाटेने नाकारायचा, हा विरोध आपल्या संतांनी उघडपणे मांडला. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात:

वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥

वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानाशी लागला. ती उणीव भरून काढायला गीता सर्वांसाठी आली, असे त्यांचे पुढचे म्हणणे आहे.

संतांच्या हाती पुरुषार्थांचा क्रमही बदलला. समर्थ रामदास दासबोधात 'आधी प्रपंच करावा नेटका । मग घ्यावे परमार्थविवेका' असे सांगतात. त्यात मनुस्मृतीचा देणी फेडण्याचा विचार घरगुती रूपात उतरला आहे. तुकोबांकडे दोन वेगळे सूर ऐकू येतात. 'हेंचि दान देगा देवा' या अभंगात ते मुक्तीही नको आणि संपदाही नको म्हणतात, आणि संतसंग मिळणार असेल तर पुन्हा गर्भवासात घातले तरी चालेल असे मागणे मागतात. ज्या मोक्षासाठी शास्त्रांनी त्रिवर्ग बाजूला ठेवला, तो मोक्षच येथे बाजूला ठेवला आहे. दुसऱ्या अभंगात ते गृहस्थाबद्दल बोलतात. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' अशी त्याची सुरुवात आहे: चांगल्या व्यवहाराने धन मिळवावे आणि त्यात जीव न अडकवता ते खर्च करावे. पुढे परोपकार येतो, परनिंदा टाळणे येते, परस्त्रीला बहीण आणि आई मानणे येते, कोणाचे वाईट न चिंतणे येते. हेच आश्रमाचे फळ आणि परमपदाला नेणारे वैराग्याचे बळ, असे ते शेवटी म्हणतात. अर्थ, कामाची मर्यादा, धर्म आणि परमपद असे चारही पुरुषार्थ या एका अभंगात आहेत, पण त्यांतला कोणताही आधीचा संपवून पुढचा सुरू होत नाही. पैसा मिळवण्याच्या रीतीत धर्म आहे आणि तो खर्च करण्याच्या रीतीत वैराग्य आहे. घर सोडण्याची वेळ कोणती, या जाबालोपनिषद आणि मनुस्मृती यांच्यातल्या वादाला तुकोबांनी या अभंगात जागाच ठेवलेली नाही, कारण ज्या माणसाबद्दल ते बोलत आहेत तो शेवटपर्यंत घरातच आहे.